भाकरी, उसळ आणि ल्युसीनचा हिशेब

साठी ओलांडल्यावर वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करणारी मंडळी आता माझ्या दवाखान्यात नियमित दिसू लागली आहेत. त्यांतील काहींनी मांस-मासे तर सोडाच, पण दूध, दही, ताक आणि तूपही वर्ज्य केलेले असते. कोणी नातवाच्या आग्रहाने व्हीगन झालेले असते, कोणी प्राण्यांविषयीच्या करुणेने, तर कोणाला दूध पचतच नाही. या सर्वांचा प्रश्न मात्र एकच असतो: दूधही घ्यायचे नसेल, तर या वयात स्नायू वाढतील का? वाढतात. मात्र त्यासाठी ताटाचा हिशेब थोडा निराळा मांडावा लागतो. आज तो हिशेब आपल्यासमोर एका उदाहरणाने मांडतो.

सहासष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या. वजन छप्पन्न किलो. तीन वर्षांपासून पूर्ण वनस्पतिजन्य आहार. आठवड्यातून तीन सकाळी घराजवळच्या व्यायामशाळेत जाऊन त्या डंबेल्स घेऊन उठाबशा, रबरी पट्टा ओढणे असे व्यायाम करीत. सहा महिने झाले, तरी हातातील दोन किलोचे डंबेल तीन किलोवर जात नव्हते. जिना चढताना मांड्या भरून येत. रक्तातील साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनीन सारे ठीक होते. मी आहाराचा विषय काढला, तेव्हा त्या किंचित दुखावल्याच. "डॉक्टर, मी भाकरी-आमटी एकत्र खाते, रात्री डाळ-तांदळाची खिचडी खाते. धान्य आणि डाळ एकत्र आली की प्रथिने पूर्ण होतात, असेच ना?"

बाईंचे म्हणणे चूक नव्हते, पण ते अर्धेच होते.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. त्यांतील नऊ आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ या तृणधान्यांत लायसीन नावाचे आम्ल कमी असते. ज्वारीत तर ते गरजेच्या निम्म्याहूनही कमी आहे. डाळी आणि कडधान्यांत लायसीन भरपूर, परंतु मिथिओनीन हे गंधकयुक्त आम्ल कमी. ते धान्यात बऱ्यापैकी मिळते. म्हणून भाकरी आणि उसळ, भात आणि वरण, इडलीतील तांदूळ आणि उडीद या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. ही भरपाई एकाच घासात व्हायला हवी असेही नाही. 1971 साली फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकामुळे अमेरिकेत प्रत्येक जेवणात काटेकोर जोड्या लावण्याची कल्पना फार लोकप्रिय झाली. पुढील आवृत्तीत लेखिकेनेच तो आग्रह सैल केला. सकाळी धान्य आणि दुपारी कडधान्य असे खाल्ले, तरी दिवसाच्या शेवटी शरीर आपला मेळ घालते.

मात्र ही भरपाई व्हायची तर डाळीचे प्रमाण पुरेसे हवे. कच्च्या वजनाने साधारण तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे आपल्याकडे आहारतज्ज्ञ सांगत आलेले किमान प्रमाण. बाईंच्या सुनेला मी एक आठवडा घरातील वजनकाट्यावर सारे कच्चेच मोजायला सांगितले. दुपारच्या जेवणात दोन भाकऱ्यांचे शंभर ग्रॅम पीठ आणि तीस ग्रॅम तांदूळ. आमटीत मात्र बाईंच्या वाट्याला आलेली तूरडाळ फक्त पंधरा ग्रॅम. म्हणजे जवळजवळ नऊ भाग धान्याला एक भाग डाळ. घरातील आमटी रुचकर होती, पण ती पळीवाढी नव्हे, तर ताटात वाहत जाणारी होती. जोडी लागली होती. पण जोडीदारांपैकी एक नावापुरताच आला होता.

आता हिशेबाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. स्नायू बांधायला नऊही आम्ले लागतात, पण बांधकाम सुरू करण्याची सूचना देण्याचे काम त्यांतील एकाकडे विशेषेकरून आहे. ते म्हणजे ल्युसीन. जेवणानंतर रक्तातील ल्युसीन एका पातळीच्या वर गेले की स्नायूपेशीतील एक यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिने रचण्याचा वेग काही तास वाढलेला राहतो. गवंड्याला कामावर येण्याचा निरोप जावा, तसे हे आहे. विटा, वाळू, सिमेंट तयार आहे. पण निरोपच गेला नाही, तर भिंत उभी राहत नाही. उलट निरोप गेला आणि विटाच नाहीत, तरीही काम होत नाही.

तरुणांच्या स्नायूला हा निरोप मंद आवाजातही ऐकू येतो. एका जेवणात सुमारे दोन ग्रॅम ल्युसीन त्यांना पुरते. वय वाढते तसा स्नायू जणू कमी ऐकू लागतो, आणि साठीनंतर तेच काम होण्यासाठी एका जेवणात अडीच ते तीन ग्रॅम ल्युसीन लागते. व्यायाम केल्यावर स्नायूचे हे बहिरेपण काहीसे कमी होते. म्हणून वजने उचलणे आणि नीट जेवणे यांचा परिणाम एकत्रित दिसतो. नुसत्या एकाने तेवढा दिसत नाही.

दुधातील प्रथिनांत ल्युसीन मुळातच जास्त. वनस्पतिजन्य प्रथिनांत ते सरासरी सात ते आठ टक्के भरते. त्यामुळे अडीच ग्रॅम ल्युसीन मिळवायचे, तर त्या एका जेवणात तीस-बत्तीस ग्रॅम वनस्पतिजन्य प्रथिने हवीत. आपल्या घरच्या साध्या जेवणात ती निम्मीच असतात. हाच या विषयाचा खरा पेच आहे. धान्य-डाळीच्या जोडीने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. ल्युसीनची पातळी मात्र दर्जाबरोबर प्रमाणावरही अवलंबून असते.

बाईंच्या जुन्या दिवसाचा जमाखर्च पाहा. सकाळी मूठभर शेंगदाणे घातलेले पोहे: सहा ग्रॅम प्रथिने, ल्युसीन अर्ध्या ग्रॅमच्या आत. दुपारी भाकरी, पातळ आमटी, भात आणि पालेभाजी: सतरा-अठरा ग्रॅम प्रथिने, ल्युसीन सुमारे दीड ग्रॅम. चार वाजता फळ. रात्री पातळ खिचडी: सात ग्रॅम प्रथिने, ल्युसीन जेमतेम अर्धा ग्रॅम. संपूर्ण दिवसाची बेरीज सुमारे बत्तीस ग्रॅम. व्यायाम न करणाऱ्या छप्पन्न किलोच्या व्यक्तीसाठीही आपल्याकडची शिफारस, म्हणजे किलोमागे 0.83 ग्रॅम, शेहेचाळीस ग्रॅमच्या घरात जाते. वजने उचलणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी किलोमागे किमान 1.2 ग्रॅम धरतो. वनस्पतिजन्य प्रथिनांचे पचन थोडे कमी होते म्हणून 1.3 धरले तर अधिक बरे. म्हणजे बाईंना दिवसाकाठी सत्तर ते पंचाहत्तर ग्रॅम हवे होते. दिवसभरात एकदाही तो निरोप स्नायूपर्यंत पोहोचत नव्हता, आणि विटाही निम्म्याच होत्या. डंबेल बदलणार तरी कसे?

दुपारच्या त्या दीड ग्रॅममधील बराचसा वाटा ज्वारीचा होता, हे आपल्या लक्षात आले असेल. आमच्या सोलापूर भागात ज्वारीची भाकरी हा रोजचा आधार, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. तृणधान्यांत ज्वारी ल्युसीनने विशेष समृद्ध आहे. शंभर ग्रॅम पिठात प्रथिने दहाच ग्रॅम, पण त्यांत ल्युसीन सव्वा ग्रॅमच्या आसपास. गव्हात ते याच्या साधारण निम्मे भरते. पूर्वी ही समृद्धी दोष मानली जात असे. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब वस्त्यांत पेलाग्रा हा त्वचा आणि आतड्यांचा विकार आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये असा विचार मांडला की ज्वारीतील अतिरिक्त ल्युसीनमुळे नायसिन या जीवनसत्त्वाचे गणित बिघडते. पुढे या मतावर बराच वाद झाला. तथापि एक गोष्ट आजही घेण्यासारखी आहे: तो विकार जवळजवळ ज्वारीवरच जगणाऱ्यांना होत असे. डाळी, शेंगदाणे, भाज्या यांच्या संगतीत खाल्लेल्या ज्वारीविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही.

ज्वारीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्यातील प्रथिने पाण्यात शिजवल्यावर काहीशी घट्ट बांधली जातात आणि पाचकरसांना सहज दाद देत नाहीत. कागदावर दिसणारे सव्वा ग्रॅम ल्युसीन सगळेच रक्तात पोहोचत नाही. आंबवल्याने पचन काहीसे सुधारते. आंबील हा म्हणूनच शहाणपणाचा पदार्थ. पण ज्वारीच्या भरवशावर ल्युसीनचा हिशेब पुरा करू नये. ज्वारीने सुरुवात करून द्यावी आणि पुढचे काम कडधान्याकडे आणि सोयाबीनकडे सोपवावे.

सोयाबीनचे नाव काढताच अनेक घरांत नाके मुरडली जातात. वास आवडत नाही, पोट फुगते, पुरुषांना बाधते, असे बरेच काही ऐकायला मिळते. यातील पोट फुगण्याची तक्रार खरी. पुरुषांना बाधण्याची भीती मात्र सामान्य आहारातील प्रमाणाला लागू नाही. व्हीगन ज्येष्ठांसाठी सोयाबीनचे महत्त्व साधे आहे: थोड्या आकारमानात जास्त प्रथिने, आणि त्यांत आम्लांची उणीव जवळजवळ नाही. तेल काढलेल्या सोया वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, म्हणजे डाळीच्या दुपटीहून जास्त. भूक कमी झालेल्या माणसाला तीन वाट्या उसळ खायला सांगणे हा अत्याचार आहे. मूठभर वड्या त्याच उसळीत घालणे मात्र जमण्यासारखे आहे.

बाईंचा नवा दिवस आम्ही तिघांनी बसून ठरवला. मी आकडे सांगितले, सुनेने काय शिजवता येईल ते सांगितले, आणि काय घशाखाली उतरेल हे बाईंनी. पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने तिन्ही वेळा सारखी वाटली असती, तर प्रत्येक जेवणात पंचवीसच आली असती, आणि ल्युसीन दोन ग्रॅमच्या आतच राहिले असते. म्हणून दोन जेवणे भरभक्कम आणि रात्रीचे हलके, अशी मांडणी केली. रात्री जड जेवले की बाईंना झोप लागत नसे, त्यामुळे ही मांडणी त्यांच्याही पथ्यावर पडली.

सकाळचा व्यायाम आटोपून नऊ वाजता न्याहारी: साठ ग्रॅम मूगडाळ आणि वीस ग्रॅम तांदूळ रात्रभर भिजवून, आले-मिरची-जिरे घालून वाटलेल्या पिठाची धिरडी. आत सारणासाठी शंभर ग्रॅम टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, कुस्करून हळद-कांद्यावर परतलेले. बरोबर शेंगदाण्याची चटणी. या ताटात प्रथिने तीस-एकतीस ग्रॅम आणि ल्युसीन अडीच ग्रॅमच्या जवळ येते. टोफू निरनिराळ्या घट्टपणाचा मिळतो. वेष्टनावर शंभर ग्रॅमला बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिने लिहिलेला घ्यावा. अगदी मऊ टोफूत याच्या निम्मीच असू शकतात.

दुपारी दोन पातळ भाकऱ्या, मिळून ऐंशी ग्रॅम पीठ. मटकीची दाट उसळ, कोरडी मटकी चाळीस ग्रॅम. त्याच उसळीत पंचवीस ग्रॅम सोया वड्या. सोबत पालेभाजी आणि लिंबाची फोड. लिंबामुळे कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. भाकरीतून आठ ग्रॅम, मटकीतून आठ ग्रॅम आणि वड्यांतून तेरा ग्रॅम प्रथिने, ही बेरीज एकोणतीसवर जाते, आणि ल्युसीन पुन्हा अडीच ग्रॅमला टेकते. यात भाकरीचा वाटा सुमारे एक ग्रॅम, वड्यांचा एक आणि मटकीचा अर्धा. ज्वारीतील लायसीनची तूटही मटकी आणि सोयाबीनमुळे आपोआप भरून निघते. धान्य आणि कडधान्याचे प्रमाण इथे जवळजवळ समसमान झालेले आपल्याला दिसेल.

रात्री खिचडीच, पण उलटी: तीस ग्रॅम तांदूळ आणि चाळीस ग्रॅम मूगडाळ, वर दाण्याचे कूट. प्रथिने चौदा ग्रॅम. ल्युसीनची पातळी या जेवणात गाठली जात नाही, आणि ते चालते. दिवसाची एकूण बेरीज भरली, की दोन वेळा निरोप पोहोचणे मी पुरेसे मानतो. किंबहुना प्रत्येक जेवणातील ल्युसीनपेक्षा दिवसभरातील एकूण प्रथिने अधिक महत्त्वाची, हे लक्षात ठेवावे. ल्युसीनचा विचार त्यानंतरचा. ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे तरुण पुरुषांवर झालेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हीगन आणि मिश्राहारी अशा दोन्ही गटांना वजनामागे 1.6 ग्रॅम प्रथिने मिळतील अशी व्यवस्था करून बारा आठवडे व्यायाम दिला गेला. व्हीगन गटाला सोयाबीनच्या प्रथिनांची जोड होती, दुसऱ्या गटाला दुधातील प्रथिनांची. पायांचे स्नायू दोन्ही गटांत सारखेच वाढले. ते सारे तरुण होते, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा साठीपुढील माणसाला लावता येणार नाही. त्यांच्यासाठीच तर आपण जेवणागणिक ल्युसीन पाहतो आहोत.

आपल्या घरातही वजने उचलणारा व्हीगन नातू असेल, तर त्याच्यासाठी हेच ताट थोडे मोठे करावे. त्याचे काम दोन ग्रॅम ल्युसीनमध्ये भागते, पण वजन जास्त असल्याने दिवसाची बेरीज बरीच वर जाते. एकाच पातेल्यातील उसळ दोघांना पुरू शकते.

आता, हे अमलात आणताना कुठे घसरते ते सांगतो. सर्वांत नेहमीची चूक मोजण्याची. चाळीस ग्रॅम म्हणजे कोरडी मटकी. मोड आलेली नव्हे. मोड आल्यावर तीच मटकी पाणी पिऊन दुपटीहून अधिक जड होते. "मी शंभर ग्रॅम मोड खातो" असे सांगणाऱ्या माणसाच्या पोटात प्रत्यक्षात सात-आठ ग्रॅमच प्रथिने गेलेली असतात. मोडांमुळे पचन हलके होते, जीवनसत्त्वे वाढतात, प्रथिने वाढत नाहीत. एकदा कच्चे मोजून, ते ज्या वाटीत येते त्या वाटीवर खूण करून ठेवली, की रोज काटा काढावा लागत नाही. बाईंच्या सुनेने स्टीलच्या एका वाटीला आतून रेघ मारून घेतली आहे.

दुसरी चूक बदाम, काजू आणि शेंगदाण्यांवर विसंबण्याची. त्यांत प्रथिने आहेत, पण तेल त्याहून कितीतरी अधिक. केवळ शेंगदाण्यांतून तीस ग्रॅम प्रथिने हवी असतील, तर सव्वाशे ग्रॅम दाणे खावे लागतील, आणि त्याबरोबर सातशेच्या आसपास कॅलरी पोटात जातील. चटणी चटणीइतकीच असावी.

तिसरी चूक याच्या उलट दिशेची: प्रथिने वाढवण्याच्या उत्साहात भात-भाकरी तोडून टाकणे. शरीराला इंधन कमी पडले की ते प्रथिनेच जाळते, आणि स्नायूच्या वाट्याला काही उरत नाही. वजन महिन्याला किलोभर उतरू लागले, तर समजावे की अन्नच कमी पडते आहे.

पोटाचा प्रश्न सबुरीने सुटतो. डाळ आणि सोयाबीन एकदम वाढवू नये. पहिल्या आठवड्यात वड्या दहा ग्रॅमच घ्याव्यात आणि दर आठवड्याला थोड्या वाढवाव्यात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, घट्ट पिळून ते पाणी टाकून द्यावे; असे दोनदा केले की वास आणि वायू दोन्ही कमी होतात. कडधान्ये आठ-दहा तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये मऊ शिजवावीत. कवळी वापरणाऱ्यांनी वड्या शिजल्यावर बारीक चिरून किंवा मिक्सरमधून खिम्यासारख्या काढून घ्याव्यात. अख्खी वडी न चावता गिळण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ठसका लागण्याची भीती असते.

बाजारात ल्युसीनच्या किंवा तीन आम्लांच्या मिश्रणाच्या महागड्या पुड्या मिळतात. व्यायामशाळेतील शिक्षक त्या आवर्जून सुचवतात. माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. तो नुसता निरोप आहे. विटा त्यात नाहीत. भूक खरोखरच कमी असेल आणि ताट संपत नसेल, तर सोयाबीन किंवा वाटाण्याच्या संपूर्ण प्रथिनांची पूड घ्यावी. त्यात नऊही आम्ले येतात, आणि पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिने देणाऱ्या मापातून ल्युसीन दोन ग्रॅमच्या वर मिळते. वेष्टनावर प्रथिनांचा आकडा पाहावा, पुडीच्या वजनाचा नव्हे.

हे ताट प्रत्येकासाठी नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, क्रिएटिनीन वाढलेले असेल, तर प्रथिने वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. अशा रुग्णांत प्रथिनांची मर्यादा निराळी असते. मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षे असणाऱ्यांनी ही तपासणी करून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती पहाटे रिकाम्या पोटी घ्यावी आणि सोयाबीनचा पदार्थ त्यानंतर तीन-चार तासांनी. सोयाबीनमुळे गोळी नीट शोषली जात नाही. मग टोफू न्याहारीतून काढून दुपारी न्यावा आणि न्याहारीत डाळीचे प्रमाण वाढवावे. बी-बारा जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. दूध सोडलेल्या प्रत्येकाने त्याची गोळी घ्यावी, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर रक्ततपासणीही करावी, कारण त्या औषधानेही बी-बारा घटते. त्याची उणीव असेल तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि हा अशक्तपणा प्रथिनांच्या कमतरतेचा समजून महिने वाया जातात.

सुधारणा होते आहे की नाही, हे वजनकाटा सांगत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. पहिली, व्यायामातील वजन आणि आवर्तने: दहा आवर्तनांतील शेवटची दोन कठीण वाटली पाहिजेत; सहज बारा होऊ लागली की वजन थोडे वाढवावे. दुसरी, खुर्चीची परीक्षा: भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, पाच वेळा पूर्ण उभे राहून बसावे आणि वेळ मोजावी. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पायांची ताकद कमी समजावी. जवळ कोणी तरी उभे असू द्यावे. तिसरी, पोटरीचा घेर, सर्वांत जाड जागी शिंप्याच्या फितीने मोजलेला: स्त्रियांत तेहेतीस आणि पुरुषांत चौतीस सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. पायावर सूज असेल, तर या मापाला अर्थ नाही.

आहार बदलल्यावर पहिला महिना आकडे हलत नाहीत, आणि बहुतेक लोक तिथेच कंटाळतात. ताकद आधी वाढते, घेर नंतर. बाईंना सुरुवातीला खुर्चीच्या परीक्षेला चौदा सेकंद लागत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तेरा लागले. चौथ्या महिन्यात अकरा लागले, हातात तीन किलोचे डंबेल आले आणि पोटरी अर्ध्या सेंटिमीटरने भरली. वजन मात्र छप्पन्नच राहिले. मध्यंतरी पंधरा दिवस लग्नसराईत गावी गेल्या असताना धिरडी आणि वड्या सुटल्या. परत आल्यावर शेवटची दोन आवर्तने पुन्हा जड झाली होती. आता प्रवासात त्या भाजलेल्या डाळ्यांची डबी आणि सोयाबीनच्या दुधाची लहान खोकी बरोबर ठेवतात. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्या वेळी बी-बारा आणि क्रिएटिनीन पुन्हा पाहायचे ठरले आहे.